१३०५ किलोहर्ट्झचा नॉच: तयार चोक की हाताने गुंडाळलेली कॉइल?

परभणीच्या आसपास राहून मध्यम लहरींवर दूरची केंद्रे ऐकायची असतील, तर आकाशवाणी परभणीचा १३०५ किलोहर्ट्झचा जोरकस सिग्नल रिसीव्हरच्या तोंडाशीच दाबावा लागतो. त्यासाठी अँटेना-ॲम्प्लिफायरचा ५० ओहमचा स्रोतरोध Rs आणि त्यापुढे सिग्नल व अर्थ यांमध्ये जोडलेली कॉइल-कपॅसिटरची सिरीज शाखा, म्हणजेच नॉच किंवा खाच, पुरेशी होते. प्रश्न उरतो तो कॉइलचा. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. दोन्हींत १०० मायक्रोहेन्री आणि सुमारे १४९ पिकोफॅरड हीच जोडी होती.

अनुनादाला कॉइल आणि कपॅसिटरचे प्रतिघात परस्परांना रद्द करतात आणि शाखेत केवळ तोट्याचा रोध r उरतो. पुढचा रिसीव्हर उच्च इनपुट-रोधाचा असेल, तर मध्यावरील क्षीणन डेसिबलमध्ये असे येते:

```
20 log10((Rs + r) / r)
```

येथे मल्टिमीटर दिशाभूल करतो. तयार चोकवर तो एक-दोन ओहम दाखवतो, पण १३०५ किलोहर्ट्झला तारेतला त्वचा-परिणाम आणि गाभ्यातला तोटाही r मध्ये मिसळतात. कॉइलचा प्रतिघात ८२० ओहम आहे. चोकचा क्यू, म्हणजे प्रतिघात आणि r यांचे गुणोत्तर, ४० धरला तर r सुमारे २०.५ ओहम होतो आणि क्षीणन जेमतेम ११ डेसिबल मिळते. ५० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर अर्ध्या मिलिमीटरच्या इनॅमल तारेचे सुमारे ४२ वेढे घातलेल्या कॉइलचा क्यू २०० धरला, तर r ४.१ ओहम आणि क्षीणन २२ डेसिबलच्या वर जाते. ट्रिमर फिरवून खाच नेमकी १३०५ वर बसते, तरीही स्थानिक केंद्र पुरेसे दबत नाही, तेव्हा बहुधा दोष जुळणीचा नसून r चा असतो.

चोक सुटसुटीत आहे, पेटीत सहज बसतो, आणि खाचेची खोली वाढवायचीच असेल तर स्रोताशी आणखी १५० ओहम सिरीजमध्ये जोडता येतात, हे मला मान्य आहे. त्याने क्षीणन २० डेसिबलच्या पुढे जाते. परंतु खाचेची रुंदी मुख्यतः स्रोतरोध आणि इंडक्टन्स यांच्या गुणोत्तरावर ठरत असल्यामुळे ती सुमारे १०० किलोहर्ट्झवरून ३५० पर्यंत पसरते, म्हणजे ढोबळमानाने ११३० पासून १४८० पर्यंतचा पट्टा दबतो. ज्या दूरच्या केंद्रांसाठी हा खटाटोप, त्यांतलीच कित्येक त्यामुळे विरून जात, आणि मला हेच सर्वाधिक खटकले. पाइपवरच्या कॉइलची रुंदी ८५ किलोहर्ट्झच्या आसपास राहते. तीही ९ किलोहर्ट्झच्या चॅनेल-अंतराच्या मानाने मोठीच, पण सोसण्याजोगी आहे.

हवेच्या गाभ्याची कॉइल मात्र स्वतःच सिग्नल पकडते. ती रिसीव्हरच्या फेराइट दांडीपासून दूर आणि तिच्याशी काटकोनात ठेवावी लागते. जागा अगदीच तोकडी असेल किंवा ११ डेसिबलनेच रिसीव्हरचा ओव्हरलोड थांबत असेल, तर चोक घ्यायला माझी हरकत नाही. एरवी मी पाइपच सुचवेन, आणि कपॅसिटर मायकाचा किंवा एनपीओ जातीचा घ्यावा, म्हणजे r मध्ये त्याच्याकडून फारशी भर पडत नाही.