रोजच्या रिपोर्टचं ॲप, वर्षभर वापरल्यावर: काम बरं, पण तो लाल बाण!

नूतनीकरणाचं बिल आलंय, गेल्या वर्षीपेक्षा जास्त. भरायच्या आधी लिहून टाकतो. ॲपचं नाव देत नाही, कारण सपोर्टवाल्यांशी भांडण अजून चालू आहे आणि या जातीची ॲप्स दिसायला साधारण सारखीच असतात. ऑपरेटर किंवा सुपरवायझर फोनवर नोंद करतो, सकाळी आठला व्हॉट्सॲपवर कालच्या दिवसाचा गोषवारा येतो, महिनाअखेरीला पीडीएफ. हे तुम्हाला माहीत असेलच, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

भोसरीत आमचं छोटं सीएनसी शॉप आहे. कोल्हापूरहून कास्टिंग येतं, आम्ही बोअर आणि फेस करून पाठवतो. ॲप चालू केलं तेव्हा कंपनीच्या माणसाने तयार साचाच टाकून दिला: ओईई म्हणजे मशीन किती कामी आलं त्याचा टक्का, रिजेक्शन टक्के, उत्पादन, वीज, टूल खर्च, सगळं रोज. आणि प्रत्येक आकड्याशेजारी बाण. कालपेक्षा बरं असेल तर हिरवा, वाईट असेल तर लाल.

या बाणाने माझं डोकं खाल्लंय. समजा एका जॉबचे रोज 300 नग होतात आणि नेहमीचं रिजेक्शन 2 टक्के आहे, म्हणजे 6 नग. पण रोज मोजून सहाच कधी निघत नाहीत. कुठे काही बदललेलं नसतानाही आकडा किती हलेल याचा ढोबळ अंदाज सरासरीच्या वर्गमुळावरून येतो. 6 चं वर्गमूळ साधारण अडीच, त्याची तिप्पट साडेसात. म्हणजे एखाद्या दिवशी शून्य आणि एखाद्या दिवशी 13 निघाले तरी मशीन, माणूस, माल सगळं जागेवर असू शकतं. ॲपला मात्र परवाचे 4 आणि कालचे 8 दिसले की लाल बाण आणि खाली ‘100% वाढ’. मग सुपरवायझर ऑपरेटरला धरणार, ऑपरेटर ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेली टूलच्या जागेची दुरुस्ती, हलवणार, आणि जे नीट चाललं होतं ते बिघडणार. बाण बंद करायची सोय आहे का विचारलं, तर उत्तर आलं की वरच्या प्लॅनमध्ये आहे. बाण काढायचे पैसे!

तेव्हाच लिहिलं असतं तर दोन तारे देऊन मोकळा झालो असतो. मत बदललं ते साचा स्वतः बदलता येतो हे कळल्यावर. ते आमच्याच प्लॅनमध्ये होतं, कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. रिजेक्शनचा टक्का मी रोजच्या मेसेजमधून उडवला. त्याच्या जागी एकच ओळ घातली: मशीन, कारण, नग. ‘मशीन 4, बोअर मोठा, 5.’

ही ओळ टक्क्यापेक्षा कितीतरी बोलकी आहे. ती आली त्या दिवशी एकूण रिजेक्शन 7 होतं. 300 नगांमागे ते नेहमीच्या हेलकाव्यातलंच, टक्का बघून कुणाची नजर थांबली नसती. पण सातातले पाच एकाच मशीनवर, एकाच कारणाने. टूलचा कापणारा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, झिजत जातो तसा बोअर लहान निघायला लागतो, म्हणून ऑपरेटर थोडा थोडा ऑफसेट देत राहतो. इन्सर्टची कड बदलल्यावर तो साठलेला ऑफसेट काढायचा राहिला की नवी कड जास्त मटेरिअल खाते आणि बोअर मोठा होतो. लहान बोअर परत मारता येतो, मोठा झालेला नग थेट भंगारात. पाचही नग दुसऱ्या शिफ्टमध्ये कड बदलल्यानंतरचे निघाले. त्याच सकाळी मशीनवर पाटी लागली: कड बदलली की ऑफसेट शून्य, पहिला नग प्लग गेज लावून, मगच पुढे. हीच गोष्ट महिनाअखेरीला कळली असती तर त्या शिफ्टचं कुणाला काही आठवलं नसतं.

उलट ब्लोहोलचं रिजेक्शन मी रोजच्या मेसेजमधून काढलं. कास्टिंगमधलं भोक मशीनिंगनंतर उघडं पडतं, त्यावर सकाळी आठला आमचा सुपरवायझर काय करणार? ते महिन्याच्या कागदावर, लॉट नंबरसकट, रुपयांत. फाउंड्रीला डेबिट नोट पाठवताना तेवढंच कामाला येतं, आणि त्यात आमची मशीनिंगची मजुरीही धरायची. कास्टिंगचे पैसे परत मिळतात, मजुरी मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

आणि तो टक्काही महिन्याच्याच कागदावर शोभतो. 25 दिवसांचे 7,500 नग धरा. 2 टक्क्यांनी 150 होतात, त्याचं वर्गमूळ 12, तिप्पट 36-37. म्हणजे महिन्यात 190 गेले तर खरंच काहीतरी बदललंय. 2 चे अडीच टक्के झाले हे रोजच्या 300 नगांत दिसूच शकत नाही (6 च्या जागी साडेसात!), महिन्यात स्पष्ट दिसतं.

ओईईचंही तेच केलं. आमच्याकडे एखाद्या दिवशी दोन सेटिंग बदलतात, एखाद्या दिवशी एकही नाही, मग रोजचा ओईई नाचणारच. त्यातून सायकल टाइम कुणीतरी सैल भरून ठेवलेला असला की कामगिरी 105 टक्के दाखवतो. आता रोज फक्त मशीन सर्वांत जास्त कशामुळे थांबलं ती तीन कारणं आणि मिनिटं येतात. टक्का महिन्याला बघतो, तोही जॉब सारखे असतील तरच मागच्या महिन्याशी ताडून.

एवढं झाल्यावर माझं मत पक्कं होत आलं होतं: पैशाचं ते महिन्याला, हाताने दुरुस्त होईल ते रोज. विजेने ते मोडलं. वीजबिल महिन्याला येतं म्हणून पॉवर फॅक्टर महिन्याच्या कागदावर टाकला होता. आमचं बिल केव्हीएएचवर आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की त्याच कामाला युनिट जास्त लागतात. 10,000 केडब्ल्यूएचला पॉवर फॅक्टर 0.98 असेल तर 10,204 लागतात, 0.85 असेल तर 11,765. कपॅसिटर पॅनेलमधला एक फ्यूज उडाला तर पंखे, दिवे, मशीन सगळं व्यवस्थित चालतं, कुणाला पत्ता लागत नाही आणि मीटर पळत राहतो. बिल हातात येईपर्यंत महिना गेलेला. म्हणजे हिशेब महिन्याला होतो म्हणून माप महिन्याला घ्यायचं असं नाही. बिघाड गुपचूप झाला तर रोज किती जातं, हे बघायचं.

मीटर ॲपला जोडायला सपोर्टने वेगळ्या मॉड्यूलचं कोटेशन पाठवलं. ते वाचून मी फोन ठेवला. आता इलेक्ट्रिशियन सकाळी शॉप चालू झाल्यावर, लोड आला की, मीटरवरचा पॉवर फॅक्टर बघतो आणि ॲपच्या रिकाम्या रकान्यात टाइप करतो. 0.95 च्या खाली गेला तरच तो मेसेजमध्ये येतो. फुकटात झालं.

एक दोष मात्र खरोखरचा आहे. रिजेक्शन नोंद केल्याच्या तारखेला पडतं, नग बनल्याच्या नाही. आमचं फायनल इन्स्पेक्शन कधी कधी दोन दिवस मागे असतं, मग सोमवारच्या शिफ्टची चूक बुधवारच्या ऑपरेटरच्या नावावर. आम्ही ट्रेवर बनल्याची तारीख आणि शिफ्ट खडूने लिहितो आणि ती शेऱ्यात टाकतो. सपोर्टला तीनदा कळवलंय, ‘फीचर रिक्वेस्ट घेतली आहे’ यापुढे गाडी जात नाही.

नूतनीकरण करतोय, पण युजर कमी करून, कारण रोजचा मेसेज आता सात ओळींचा आहे आणि तो फॉरवर्ड करायला पैसे पडत नाहीत. साडेतीन तारे. बाण अजून आहेत, आता थांबलेल्या मिनिटांशेजारी. वरचा प्लॅन न घेता ते कुणी घालवले असतील तर खाली लिहा.