दोन सप्लायर, एक ऑर्डर: उधारी पाहावी की माल?

समजा, तुम्हाला रोज 100 पुठ्ठ्याची खोकी लागतात आणि एका वेळी 1000 मागवता. दोन सप्लायर समोर आहेत, दोघांकडून दहा-दहा ऑर्डरी घेऊन झाल्या आहेत आणि आता एकाला कायम करायचं आहे.

| | पहिला | दुसरा |
|---|---|---|
| माल यायला | 6 ते 8 दिवस, सरासरी 7 | 3 ते 12 दिवस, सरासरी 6 |
| खोक्याचं वजन | 610 ते 625 ग्रॅम | 560 ते 640 ग्रॅम |
| पैसे | निम्मे ॲडव्हान्स, बाकी माल आल्यावर | 45 दिवसांची उधारी. रोखीत 3 टक्के सूट |

डिलिव्हरीत सरासरी पाहिली तर दुसरा पुढे दिसतो, पण सरासरीवर गोडाऊन चालत नाही. माल उशिरात उशिरा किती दिवसांनी येतो, त्यावर नवी ऑर्डर कधी टाकायची ते ठरतं. पहिल्याकडे 800 खोकी शिल्लक असताना ऑर्डर टाकली तरी भागतं. दुसऱ्याकडे वाटेतला माल धरून 1200 असतानाच टाकावी लागते. मग नवा माल येतो तेव्हा पहिल्याच्या बाबतीत साधारण 100 खोकी उरलेली असतात, दुसऱ्याच्या बाबतीत 600. म्हणजे सरासरी 500 खोकी कायमची जास्त पडून, त्यांची जागाही अडलेली.

हा हिशोब करताना डिलिव्हरीची तारीख पीओवर, म्हणजे लेखी ऑर्डरवर, लिहिलेली पहिली धरा. फोनवर ‘परवा नक्की देतो’ म्हणून पुढे ढकललेली धरली, तर जगात कुणाचाच माल उशिरा येत नाही. तसंच 600 खोकी वेळेवर आली आणि 400 चार दिवसांनी, तर ती ऑर्डर वेळेवर मोजू नका. पूर्ण माल ज्या दिवशी आला तीच तिची तारीख.

आता पैसे. इथे दुसऱ्याचं पारडं चांगलंच जड आहे. 45 दिवसांची उधारी म्हणजे जवळपास 4500 खोक्यांचे पैसे कायम तुमच्याकडे फिरत राहतात. त्यापुढे जादा ठेवलेली 500 खोकी किरकोळ. म्हणजे उशिराची भरपाई उधारीतून होते आणि वर उरतंही. मात्र ही उधारी फुकट नाही. 45 दिवसांसाठी 3 टक्के सोडून देणं म्हणजे वर्षाला सुमारे 25 टक्के व्याज. बँकेचं कर्ज याहून स्वस्त मिळत असेल तर तिथून पैसे उचलून रोखीने घेतलेलं बरं.

उधारीचा दुसरा उपयोग मात्र व्याजात मोजता येत नाही. लॉट खराब निघाला तेव्हा पैसे अजून तुमच्याच हातात असतात. खराब मालाचे पैसे कापणारी डेबिट नोट काढली की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. पहिल्याला निम्मे आधीच दिलेत आणि उरलेले माल उतरवतानाच देणार, मग चार दिवसांनी सापडलेल्या दोषासाठी विनवणीच करायची.

पण माझ्या मते निर्णय फिरतो तो वजनाच्या ओळीवर. एकाच मापाच्या खोक्यात 80 ग्रॅमचा फरक असेल तर बहुधा कधी हलका कागद लागला आहे, कधी जड. हलकी खोकी रिकामी असताना ओळखू येत नाहीत. भरून थर लावले की तळच्या ओळीची कुशी फुगते, कोपरे बसतात. तपासायला फार काही लागत नाही. प्रत्येक लॉटमधल्या वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून दहा खोकी काढून काट्यावर ठेवायची. फक्त ओलसर पुठ्ठा जड भरतो आणि असतो कमजोर, म्हणून सगळे लॉट कोरड्या जागी एक दिवस ठेवून मगच तोला. नाहीतर भिजका लॉट काट्यावर उत्तम ठरेल.

उशिरावर साठा हा उपाय आहे. कमीजास्त दर्जावर साठ्याचा उपाय चालत नाही, उलट खराब लॉटची 500 खोकी जास्त पडून राहतात. म्हणून तिन्ही बाबींना दहापैकी गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत मला पटत नाही. उधारीचे दहा गुण दर्जाचे चार गुण झाकून टाकतात. आधी दर्जाची किमान रेघ आखा, उदाहरणार्थ 600 ग्रॅमखालचं खोकं नको. जो तिच्याखाली जातो, त्याची उधारी कितीही लांब असली तरी मोजायची नाही.

तुमचा माल वजनदार असेल किंवा फुटणारा असेल तर पहिलाच घ्या आणि त्याच्याकडे उधारी मागू नका, ॲडव्हान्स कमी करून मागा. तीन महिन्यांच्या ऑर्डरींचं वेळापत्रक लेखी दिलं तर त्याला कागद आधी घेऊन ठेवता येतो, त्यामुळे निम्म्याऐवजी पाव भाग ॲडव्हान्स आणि बाकीचे माल तपासून सात दिवसांनी, यावर तो तयार होण्याची शक्यता चांगली असते. खोक्यात कापडासारखा हलका माल जात असेल आणि थर दोन-तीनच लागत असतील, तर दुसरा चालेल. पीओवर किमान वजन लिहा आणि त्याखालचा लॉट परत जाईल हेही.