मॉनिटर डोळ्यांनी जुळवायचा की सेन्सरने?

टेबलावर साधा 24 इंची आयपीएस मॉनिटर आहे आणि फोटो लोक मोबाइलवर किंवा वेबवरच बघणार आहेत. अशा वेळी कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्यावर ठेवून प्रकाश आणि रंग मोजणारा सेन्सर, घ्यावा, की डोळ्यांनी जुळवून भागेल? शार्पनेस, ब्राइटनेस आणि रंग, तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

शार्पनेसमध्ये डोळेच जिंकतात. सेन्सर काचेच्या एका छोट्या भागातला सरासरी प्रकाश मोजतो, कडा त्याला दिसतच नाहीत. मॉनिटरच्या मेन्यूतला शार्पनेस तपशील वाढवत नाही. तो प्रत्येक कडेच्या एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला गडद रेघ ओढतो. तटस्थ आकडा काही मॉनिटरवर 0 असतो, काहींवर 50, म्हणून स्वतःच तपासावं लागतं. मधल्या करड्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं लिहा आणि जवळून बघा. अक्षरांभोवती फिकट कड दिसली तर आकडा कमी करा, अक्षरं मऊ पडली तर एक पायरी वाढवा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ही चाचणी फसते, कारण पांढऱ्याहून उजळ काही नसतं आणि कड लपून जाते. हा आकडा चढा राहिला तर फोटो आधीच कुरकुरीत वाटतो, तुम्ही एडिटिंगमध्ये शार्पनिंग कमी देता आणि बघणाऱ्याला तो मवाळ दिसतो. रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचंच हवं आणि शार्पनिंग ठरवताना फोटो 100 टक्क्यांवर हवा.

ब्राइटनेसला डोळा भरवशाचा नाही, पण कॅमेरा असेल तर सेन्सरवाचून काम निघतं. पूर्ण पडदा पांढरा करा, कॅमेऱ्यावर आयएसओ 100 आणि f/4 ठेवा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन शून्य करा. फोकस सोडून फ्रेम पांढऱ्याने भरा आणि मीटर कोणता शटर सुचवतो ते पाहा. 1/60 आला तर पडदा साधारण 120 कँडेला प्रति चौरस मीटर, 1/125 आला तर साधारण 250. घरातल्या मध्यम उजेडात 100 ते 120 पुरेसे असतात. खोक्यातून काढलेला मॉनिटर बहुधा याहून बराच प्रखर असतो. त्यावर एडिट करताना सावल्या उघडलेल्या वाटतात, हात आखडता राहतो आणि तोच फोटो इतरांकडे काळवंडलेला दिसतो.

रंगात मात्र डोळे हरतात. पिवळसर पडद्यासमोर दहा मिनिटं बसलं की तोच पांढरा वाटू लागतो. विंडोजमध्ये `dccw` चालवलं की येणाऱ्या पट्ट्या सरकवून गॅमाचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा किती उजळ दिसतात त्याचा, ढोबळ अंदाज येतो, पण पांढऱ्याचा नाही. गॅमासाठी त्याहून चांगली चाचणी घरीच करता येते. एक-एक पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघांशेजारी 0 ते 255 पैकी 186 मूल्याचा करडा चौकोन ठेवा आणि लांबून बघा. दोन्ही एकसारखे दिसले तर गॅमा 2.2 च्या जवळ आहे. विंडोजचं स्केलिंग 125 टक्के असेल तर रेघा विरघळतात आणि निकाल खोटा येतो.

सेन्सर हाच डाव मोजून खेळतो. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. नाइट लाइट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करा. लक्ष्य ठेवा डी65 म्हणजे साधारण 6500 केल्विनचा पांढरा, गॅमा 2.2, ब्राइटनेस 110 कँडेला प्रति चौरस मीटर. समजा पहिल्या मोजणीत पांढरा 7400 केल्विन आला, म्हणजे निळसर. मग मॉनिटरच्या मेन्यूतच निळा 100 वरून 88 आणि हिरवा 94 करा, लाल तसाच ठेवा. प्रकाश थोडा कमी होईल, तेवढा ब्राइटनेस वाढवा. त्यानंतरच सॉफ्टवेअरला प्रोफाइल, म्हणजे पडदा रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल, बनवू द्या. ही पायरी गाळली तर निळ्याची तीच कपात ग्राफिक्स कार्ड करतं, 256 पायऱ्यांपैकी सुमारे 225 उरतात आणि निरभ्र आकाशात पट्टे उमटतात. लॅपटॉपवर बहुतेकदा असा मेन्यूच नसतो, त्यामुळे तिथे थोडे पट्टे सोसावे लागतात.

सेन्सरही चुकतो, आणि बहुधा मोजण्याआधीच. सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचा प्रकार चुकीचा निवडला, उदाहरणार्थ वाइड गॅमट, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त गडद रंग दाखवणाऱ्या पडद्याऐवजी साधा एलईडी, तर पांढरा हिरवट किंवा गुलाबी येतो, आणि अहवाल मात्र सगळं ठीक असल्याचं सांगतो. शिवाय प्रोफाइल न वाचणारी ॲप्स वाइड गॅमट पडद्यावर चेहरे लालबुंद दाखवतात. त्या पडद्याला मेन्यूतला sRGB, म्हणजे वेबच्या नेहमीच्या रंगांचा, मोड लावा, वेबच्या कामाला तो पुरतो.

थोडक्या फोटोंसाठी शार्पनेस नि ब्राइटनेस वरच्या रीतीने बसवून sRGB मोडवर काम करा, सेन्सरचे पैसे वाचवा. त्वचेचे रंग, लग्नाचे अल्बम किंवा कपड्यांची विक्री असेल तर घ्या. एकच यंत्र मित्रांच्या चार पडद्यांनाही चालतं. जुनं टीएन पॅनेल असेल तर मात्र थांबा. मान जरा वर-खाली केली की त्याचा करडा बदलतो, आणि ते कोणतंही प्रोफाइल दुरुस्त करत नाही.