पंक्टल प्लग बसवून काही महिने झाले, त्याचा अनुभव

ऐरोलीला दिवसभर एसीत, स्क्रीनसमोर काम. संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत बसेपर्यंत डोळे लाल आणि चुरचुरणारे. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब दर दोन तासांनी घालूनही भागेना. अश्रू किती येतात ते मोजणाऱ्या शर्मर टेस्टमध्ये कागदाची पट्टी पाच मिनिटांत उजव्या डोळ्याला ४ मिमी भिजली, डाव्याला ६. दहाच्या खाली म्हणजे पाणी कमी, पाचच्या खाली बरंच कमी.

पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, वर एक आणि खाली एक, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. अश्रू तिथून नाकात उतरतात. प्लग म्हणजे बेसिनच्या मोरीला घातलेलं बूच. नवीन पाणी तयार होत नाही, आहे ते डोळ्यात जास्त वेळ टिकतं.

पण डॉक्टरांनी लगेच बसवले नाहीत. माझ्या पापण्यांच्या कडा सुजलेल्या होत्या. सूज असताना निचरा बंद केला तर सूज वाढवणारे घटकही डोळ्यातच साचून राहतात आणि जळजळ वाढू शकते. म्हणून आधी गरम शेक, पापण्यांची सफाई आणि सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण तो गाळून कोणी थेट प्लग बसवत असेल तर मी दोनदा विचार करीन.

मग चाचणी म्हणून खालच्या छिद्रांत कोलॅजेनचे प्लग घातले. ते काही दिवसांत आपोआप विरघळतात. तेवढ्या काळात डोळे भरून वाहिले नाहीत आणि आरामही पडला, म्हणून सिलिकॉनचे बसवले. बधिर करणारा थेंब, छिद्राचं माप, किंचित दाब, संपलं. दुखलं नाही.

पहिले काही दिवस कोपऱ्यात काहीतरी आहे असं सारखं जाणवायचं. ते गेलं. थेंब आता दिवसातून तीन-चार वेळा पुरतात. बंद झालेले नाहीत.

त्रास झाला तो डाव्या डोळ्याला. एके दिवशी पुन्हा चुरचुर सुरू झाली. आरशात खालची पापणी जरा ओढली की प्लगची बारीक पांढरट टोपी दिसते. उजव्या डोळ्यात दिसली, डाव्यात नाही. स्लिट लॅम्पखाली पाहिल्यावर डॉक्टर म्हणाले, निसटून पडलाय, असं बऱ्याच जणांचं होतं. एक माप मोठा बसवला. तो टिकलाय, पण घोडबंदर रोडवर रिक्षात वारा लागला की डावा डोळा पाझरतो. वरची छिद्रं बंद करायला मी त्यामुळेच नाही म्हटलं.

प्लग दिसला नाही म्हणजे पडलाच असं नाही. क्वचित तो आत अश्रूंच्या नलिकेत सरकतो. म्हणून स्वतः चिमट्याने किंवा कापसाच्या काडीने खटपट करू नये. कोपऱ्यात सूज, दाबल्यावर दुखणं किंवा चिकट पू दिसला तर तो नलिकेचा संसर्ग असू शकतो. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं. वेळ आली तर टोपीवाला प्लग डॉक्टर चिमट्याने ओपीडीतच काढतात.