बांधकामाचा टाइमलॅप्स: एक्स्पोजर ऑटो की मॅन्युअल?

राजारामपुरीत मेहुण्याचं घर आठ महिने बांधलं जाणार. कॅमेरा समोरच्या गच्चीवर पक्का बसवला. तो म्हणाला, "दाजी, ऑटोवरच ठेवूया की!"

अर्ध्या तासाला एक, रोज २० फोटो. २४० दिवसांचे ४८००, म्हणजे सेकंदाला २५ प्रमाणे सव्वातीन मिनिटांचा व्हिडिओ.

ऑटोत ढग आला किंवा पांढरी ताडपत्री अंथरली, की उजेडाचं माप बदलतं आणि चित्र लुकलुकतं. मॅन्युअलमध्ये हे टळतं, पण सकाळ काळी पडते. शिवाय लेन्सची पाती दर वेळी केसभर वेगळी मिटतात आणि त्यानेही चित्र लुकलुकतं, म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे पात्यांमधलं उजेड आत येण्याचं भोक, दोन्हींत पूर्ण उघडं ठेवा.

स्लॅबच्या दिवशी दहा ते चार, दर दहा सेकंदांनी: मॅन्युअलच. आठ महिन्यांसाठी ऑटो घ्या आणि लुकलुक नंतर सॉफ्टवेअरने काढा.