महाद्वार रोड, चप्पल आणि जिओफेन्स: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या मामांचं महाद्वार रोडच्या एका बोळात कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. मापाची जोडी शिवायला टाकून लोक जातात, आठ-दहा दिवसांत ती तयार होते, आणि मग माणूस येतच नाही. दर मंगळवारी-शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाला येतात, दुकानापासून हाकेच्या अंतरावरून जातात, पण आठवण होते ती घरी पोचल्यावर. तयार जोड्यांनी मामांच्या दोन फळ्या कायम अडलेल्या. त्यांच्या ऑर्डरींसाठी मी एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप केलं होतं. त्यात आठ महिन्यांपूर्वी जिओफेन्स घातलं, म्हणजे गिऱ्हाईक दुकानाजवळ आलं की त्याचा फोन वाजणार.

पहिली चूक म्हणजे मी सगळं स्वतःच करायला गेलो. दर अर्ध्या मिनिटाला जीपीएस विचारायचं आणि अंतर मोजायचं. माझाच फोन संध्याकाळी पाचला मान टाकायला लागला. मग गूगल प्ले सर्व्हिसेसमधलं `GeofencingClient` घेतलं. त्यात आपण फक्त वर्तुळ सांगायचं, पहारा फोन देतो. तो मोबाइल टॉवर आणि आसपासचे वायफाय यांवर भागवतो आणि माणूस जागचा हलत नसेल तर तपासणीही विरळ करतो. बॅटरीची तक्रार तिथेच संपली. बदल्यात उशीर पदरात पडतो. साधारणपणे दोन मिनिटांच्या आत खबर लागते, फोन बराच वेळ एका जागी असेल तर सहापर्यंतही जाते. आमच्या कामाला तेवढं चालतं.

वर्तुळ केवढं ठेवायचं यावर मात्र महिना गेला. मला वाटलं बोळ लहान, ५० मीटर पुरे. पण वायफायवरून काढलेली जागाच २० ते ५० मीटर इकडेतिकडे असते, त्यामुळे माणूस दुकानाच्या पायरीवर उभा आणि फोन गप्प, असं व्हायचं. गूगल स्वतःच किमान १०० ते १५० मीटर म्हणतं, ते उगाच नाही. १५० केलं, तर त्यात अर्धा महाद्वार रोड आला. आता नुसत्या दुचाकीवरून जाणाऱ्यालाही ‘चप्पल तयार आहे’. त्या गर्दीत गाडी लावायची कुठे?

यावर उपाय म्हणजे आत शिरल्यावर नाही, तर आत रेंगाळल्यावर वाजवायचं. सध्या चालू आहे ते असं:

```kotlin
Geofence.Builder()
    .setRequestId("order-1182")
    .setCircularRegion(lat, lng, 150f)
    .setTransitionTypes(Geofence.GEOFENCE_TRANSITION_DWELL)
    .setLoiteringDelay(4 * 60 * 1000)
    .setNotificationResponsiveness(2 * 60 * 1000)
    .setExpirationDuration(21L * 24 * 60 * 60 * 1000)
    .build()
```

चार मिनिटं आत राहिला तो पायी आलेला, हा माझा अंदाज. बहुतेक वेळा बरोबर निघतो.

यातली पहिली ओळ बघा. वर्तुळ दुकानाचं नाही, ऑर्डरचं आहे. जोडी तयार झाली की ते लागतं, जोडी नेली की निघतं आणि एकवीस दिवसांनी आपोआप संपतं. ज्याची जोडी तयार नाही त्याच्या फोनवर पहाराच नाही. एका अ‍ॅपला अँड्रॉइडवर १०० वर्तुळं मिळतात (आयफोनवर २०), आम्हाला एका फोनवर एकापेक्षा जास्त क्वचितच लागतं. ‘जवळ आलात, या, नवीन माल बघा’ असले संदेश घाला, असा सल्ला दोघांनी दिला होता. ते घातलं असतं तर लोकांनी आठवड्यात अ‍ॅप काढून टाकलं असतं, आणि मीही काढलं असतं.

आता मामांचा किस्सा. फोन बंद करून चालू केला की ही वर्तुळं पुसली जातात, म्हणून फोन सुरू होताच ती पुन्हा लावावी लागतात. मी लावली. पण विनंतीत काही सांगितलं नाही, तर नोंदणीच्या वेळी आधीच आत असलेल्या माणसालाही सूचना जाते. चाचणीची एक ऑर्डर मामांच्या फोनवर होती. ते रोज सकाळी दुकानात येऊन फोन चालू करणार, आणि चार मिनिटांनी तो वाजणार. ‘आरं, मी दुकानातच बसलोय, अन् ह्यो मलाच सांगतोय चप्पल न्यायला या!’ हसण्यावारी गेलं, पण देवळापाशी ओटीचं सामान विकणाऱ्या एका मावशींनाही तेच होत होतं, आणि त्या हसत नव्हत्या. पुन्हा लावताना `setInitialTrigger(0)` दिलं आणि एका ऑर्डरला एकदाच वाजायचं, अशी खूण फोनवरच ठेवली. तेव्हा कुठे शांतता झाली.

खरं चुकलो ते दुसरीकडे. सुरुवातीच्या आवृत्तीत फोन वाजला की तशी नोंद सर्व्हरवर जायची आणि दुकानातल्या टॅबवर दिसायची. मला वाटलं, मामा जोडी काढून तरी ठेवतील. मामांनी थेट फोन लावला: ‘ताई, महाद्वारात आलायसा न्हवं? चप्पल तयार हाय.’ पलीकडे क्षणभर काही आवाजच नाही. मग, ‘तुम्हाला कसं कळलं?’ त्या बाईंनी त्याच दिवशी अ‍ॅप काढलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्या रात्री ती नोंद काढून टाकली. आता दुकानाची जागा फोनकडे जाते, फोनची जागा दुकानाकडे येत नाही. सूचनाही फोन स्वतःच दाखवतो, त्यात सर्व्हर येत नाही. तोटा एकच, उपयोग किती होतो ते मला मोजता येत नाही. जोडी द्यायच्या वेळी मामा विचारतात, ‘फोन वाजला का?’ आणि वहीत बरोबरची खूण करतात. तेवढं पुरतं.

परवानगीचं दुखणं मात्र राहिलंय. अँड्रॉइड १० पासून मागच्या मागे लोकेशन वाचायला वेगळी परवानगी लागते, आणि ११ पासून ती साध्या खिडकीत मागता येत नाही. माणसाला सेटिंग्जमध्ये जाऊन ‘Allow all the time’ निवडावं लागतं. १२ पासून तो अचूकऐवजी अंदाजे जागाही देऊ शकतो, मग हे कामच करत नाही. सूचना दाखवायची परवानगी १३ पासून आणखी निराळी. अ‍ॅप उघडताच हे सगळं मागितलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी नाही म्हटलं. आता माप घेऊन झाल्यावर विचारतो, तेही कशासाठी हे दोन ओळींत सांगून. नको म्हणणाऱ्याला साधा एसएमएस जातो. काही दिवसांनी अँड्रॉइड आपणहून ‘हे अ‍ॅप तुमचं लोकेशन वाचतंय’ अशी आठवण देतं, तेव्हा आणखी काही जण परवानगी बंद करतात.

शिवाय काही स्वस्त फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली अ‍ॅपच गोठवतात. तिथे ऑटोस्टार्ट हाताने चालू केल्याशिवाय रीबूटनंतर वर्तुळ लागतच नाही, आणि कुणाला पत्ता लागत नाही, कारण न वाजलेल्या फोनची तक्रार कोण करणार? मी आता प्रत्येक वेळी अ‍ॅप उघडलं की वर्तुळ पुन्हा लावून टाकतो. पण जोडी न्यायचं विसरलेला माणूस अ‍ॅप तरी कशाला उघडेल?

दोन फळ्यांपैकी एक रिकामी झाली आहे. दुसरीवर बहुतेक त्या लोकांच्या जोड्या आहेत जे लोकेशन कायम बंद ठेवतात. त्यांना मामा जुन्या पद्धतीने, दुपारी जेवण झाल्यावर, वहीतला नंबर बघून फोन करतात.