कॉल आणि पुट जोडून केलेला 'फ्युचर': सात महिन्यांच्या वापरानंतर

गेले सात महिने मी एनएसईवरच्या स्टॉक ऑप्शन्समध्ये सिंथेटिक लाँग आणि सिंथेटिक शॉर्ट वापरतोय. एकाच स्ट्राइकचा, एकाच एक्स्पायरीचा कॉल घ्यायचा आणि पुट विकायचा, की झाला सिंथेटिक लाँग, म्हणजे फ्युचर विकत घेतल्यासारखीच पोझिशन. उलट केलं, म्हणजे पुट घेऊन कॉल विकला, की शॉर्ट. ऐकायला सोपं आहे आणि आहेही सोपं, पण कॉल आणि पुट हे दोन्ही पाय मिळून ही एकच पोझिशन आहे हे अंगात भिनायला मला पैसे मोजावे लागले.

माझा एक सौदा सांगतो. शेअर १५०० रुपयांवर होता, लॉट ५०० शेअर्सचा आणि एक्स्पायरीला २८ दिवस. १५०० चा कॉल ४४.८० ला घेतला, पुट ३६.६० ला विकला. खिशातून गेले ८.२० रुपये, म्हणजे शेअर मला १५०८.२० ला पडला. त्याच वेळी फ्युचर १५०७.५० ला होता. शेअर आणि फ्युचर यांच्यातला साडेसात रुपयांचा फरक म्हणजे २८ दिवसांचं व्याज, आणि कॉल-पुटच्या किमतींतही तेच व्याज दडलेलं असतं. वरचे ७० पैसे मात्र बिड-आस्कने खाल्ले. ५०० शेअर्सवर ते ३५० रुपये होतात आणि बाहेर पडताना पुन्हा तेवढेच जाऊ शकतात. म्हणून आता मी आधी फ्युचरचा भाव बघतो, मग कॉल वजा पुट अधिक स्ट्राइक, म्हणजे सिंथेटिकचा भाव काढतो आणि दोन्ही ऑर्डर लिमिटनेच टाकतो. आधी कॉल घेतो, मगच पुट विकतो. मधल्या काळात नुसता विकलेला पुट अंगावर राहायला नको.

दहा दिवसांनी शेअर १४६२ वर आला. कॉल २० वर, पुट ५३.२० वर. स्क्रीनवर दोन वेगवेगळ्या लाल ओळी: कॉलमध्ये १२,४०० चा तोटा, पुटमध्ये ८,३०० चा. एकूण २०,७००. फ्युचरमध्येही जवळपास एवढाच तोटा झाला असता. पण वेगळ्या ओळी दिसल्या की डोकं वेगळाच विचार करू लागतं. 'कॉल तर मेलाच, निदान २० रुपये तरी काढून घेऊ' म्हणून मी कॉल विकून टाकला. पुट तसाच ठेवला. त्या क्षणी माझा सिंथेटिक लाँग संपला होता. हातात उरला नुसता विकलेला पुट, ज्यात खालचा सगळा धोका माझा आणि वरची कमाई प्रीमियमपुरती. एक्स्पायरीच्या दिवशी शेअर १५४० वर होता. दोन्ही पाय ठेवले असते तर १५,९०० रुपये सुटले असते, मला मिळाले ५,९००. एक पाय काढायचाच असेल तर आधी स्वतःला विचारावं, उरलेला पाय मी आज नव्याने घेतला असता का?

लाँग असो वा शॉर्ट, आणखी एक फसगत लाभांशाने होते. एका शेअरमध्ये सिंथेटिकचा भाव चालू भावापेक्षा ८ रुपयांनी खाली दिसत होता. स्वस्त वाटून मी लाँग घेणारच होतो, तेवढ्यात एक्स्पायरीच्या आत १२ रुपयांच्या लाभांशाची एक्स-डेट आहे हे लक्षात आलं. ४ रुपये व्याज वर, १२ रुपये लाभांश खाली, हिशोब बरोबर होता. अशा भावात शॉर्ट घेतला तरी लाभांशाची घसरण फुकट मिळत नाही, ती आधीच वजा झालेली असते.

एक्स्पायरीचं मात्र नीट समजून घ्या. आपल्याकडे स्टॉक ऑप्शन्स युरोपियन पद्धतीचे आहेत, त्यामुळे विकलेला पाय मुदतीआधी अंगावर येत नाही. पण सेटलमेंट प्रत्यक्ष शेअर्सचं होतं. सिंथेटिक लाँगमध्ये शेअर स्ट्राइकच्या वर बंद झाला तर तुमचा कॉल तुम्हाला शेअर्स देतो, खाली बंद झाला तर विकलेला पुट ते गळ्यात घालतो. दोन्हीकडून ५०० शेअर्स, म्हणजे साडेसात लाख रुपये लागतात. अगदी १५०० वर बंद झाला तरच दोन्ही पाय शून्य. शॉर्टमध्ये तेवढे शेअर्स द्यावे लागतात, डिमॅटमध्ये नसतील तर लिलावाचा भुर्दंड. विकत घेतलेला पाय इन-द-मनी असेल तर त्यावर शेवटच्या चार दिवसांत डिलिव्हरी मार्जिन चढत जातं. मी त्याआधीच्या आठवड्यातच दोन्ही पाय एकदम बंद करतो. तेव्हा बिड-आस्कही बरा असतो.

मार्जिनमध्ये बचत होईल या आशेने याकडे वळत असाल तर ती फारशी होत नाही, विकलेला पाय फ्युचरच्या आसपास मार्जिन मागतोच. रोजचा तोटा फ्युचरसारखा रोख कापला जात नाही, पण विकलेल्या पुटचं मार्जिन वाढत जातं, म्हणजे पैसे अडकतातच.

सरळ तेजी-मंदी खेळायची असेल तर मी आता फ्युचरच घेतो. एक ऑर्डर, कमी खर्च. सिंथेटिक मी वापरतो ते फक्त आधीच एक पाय हातात असेल तेव्हा. गेल्या महिन्यात घेतलेला कॉल पडून होता आणि शेअरबद्दलचं मत पक्कं झालं. त्याच स्ट्राइकचा पुट विकला आणि कॉल न मोडता पूर्ण लाँग झालो.